खेळाच्या तासासाठी अर्ज

माथेरानच्या मुलांना पावसाळ्यात मैदान बहुधा दुरूनच पाहावे लागते. पाऊस सरतो, तांबडी माती वाळते. आणि परीक्षा जवळ आली, की शारीरिक शिक्षणाच्या तासाला गणिताची उजळणी सुरू होते. अशा वेळी मुख्याध्यापकांना अर्ज कसा लिहावा?

‘आमचा खेळाचा तास नेहमी जातो’, हे वाक्य दुबळे होय. ‘नेहमी’ म्हणजे किती, हे त्यातून कळत नाही. म्हणून आधी चार आठवडे वहीत नोंद ठेवावी. समजा, आठ तासांपैकी पाच तास उजळणीत गेले. तर तारखांसह तेवढेच लिहावे. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा अभ्यासक्रमातीलच विषय आहे, याचे नम्रपणे स्मरण द्यावे. तास कोणी घेतला, ते मात्र लिहू नये. नाव आले, की विनंतीची तक्रार होते. आणि शिक्षकांनी तो तास मुलांच्या काळजीपोटीच घेतलेला असतो!

‘उजळणी बंद करावी’ अशी मागणी मुख्याध्यापक कशी मान्य करतील? त्याऐवजी ‘उजळणी शाळा सुटल्यावर अर्धा तास घ्यावी, आम्ही थांबू’, असे लिहावे. पण डोंगर उतरून वाडीत पायी जाणाऱ्या सोबत्यांना तेवढा उशीर चालेल का, हे त्यांना आधी विचारावे. चालणार नसेल, तर शाळा भरण्यापूर्वीची वेळ सुचवावी. मग सर्वांनी सह्या करून अर्ज वर्गशिक्षकांच्या हाती द्यावा.