आठ सेकंदांचा महामार्ग

रात्रीच्या रस्त्यावर लाल-पांढऱ्या रेषांच्या नद्या वाहताना दाखवणारे फोटो आपण दिनदर्शिकांवर पाहतो. तसा फोटो फोनने काढायला निघालेल्या बहुतेकांना पहिल्या दिवशी एकच अनुभव येतो. फोन तिवईवर बसवलेला असतो, टायमर लावलेला असतो, शटर दहा सेकंदांवर ठेवलेले असते आणि पडद्यावर उमटतो तो दुपारच्या उन्हासारखा पांढराफटक रस्ता. मुंबईत ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या एका पादचारी पुलावर माझेही पहिले सहा-सात फोटो असेच जळाले होते. चूक हाताची नव्हती. फोनच्या भिंगाचा एक स्वभाव मला माहीत नव्हता.

आधी गाड्या फोटोतून जातात कुठे, ते पाहू. लुई दाग्युएर या फ्रेंच माणसाने 1838मध्ये पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. त्या काळच्या पत्र्यावर प्रकाश उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात घोडागाड्या आणि माणसे एका जागी थांबलीच नाहीत, त्यामुळे त्यांची खूण राहिली नाही. रस्ता रिकामा दिसतो. त्यात ठळक उमटला आहे तो बूट पुसून घेण्यासाठी उभा राहिलेला एक माणूस. आपल्या महामार्गावरही हेच घडते. गाडीचा पत्रा फोटोतल्या कुठल्याही एका बिंदूवर क्षणभरच असतो, म्हणून तो पुसला जातो. तिचा दिवा मात्र इतका प्रखर असतो की तो क्षणही त्याला पुरतो. तो जिथून जिथून जातो, तिथे तिथे रेघ सोडतो.

या एका गोष्टीतून पुढचे सगळे निघते. फोटोत दोन तऱ्हेचा उजेड असतो. रस्ता, इमारती आणि आकाश यांचा उजेड एकाच जागी साठत राहतो. शटर दुप्पट वेळ उघडे ठेवले तर तो दुप्पट होतो. गाडीच्या दिव्याचा उजेड साठत नाही. दिवा एका बिंदूवरून निघून गेला की त्या बिंदूचा हिशेब संपला. शटर आणखी उघडे ठेवाल तर रेघ लांबेल, उजळणार नाही. म्हणून पार्श्वभूमी किती उजळ यावी ते वेळेने ठरते. रेघ किती उजळ यावी ते भिंगाचे छिद्र, ISO आणि गाडीचा वेग यांनी ठरते.

मोठ्या कॅमेऱ्यात हे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान करता येते. असे फोटो काढणारे ते f/8 किंवा f/11वर नेतात आणि मग दहा-पंधरा सेकंद निवांत मिळतात. बहुतेक फोनचे छिद्र मात्र कायमचे उघडे असते, साधारण f/1.8ला. ते मिटत नाही. f/8च्या मानाने त्यातून जवळजवळ वीसपट उजेड आत येतो. दिव्यांनी उजळलेल्या महामार्गावर इतका उजेड दहा सेकंद आत घेतला तर फोटो जळणारच.

त्या पुलावर मी शेवटी जमवले ते असे. जानेवारीतला रविवार होता. मुंबईत तेव्हा सूर्य साधारण सहा वीसला मावळतो. पावणेसातच्या सुमारास आकाशाची निळाई आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड फोटोत तोलात येतो. त्याआधी आकाश फार उजळ असते आणि पुढे अर्ध्या तासात ते काळे पडते. रविवार निवडला कारण इतर दिवशी या वेळी ठाण्याकडची बाजू मुंगीच्या गतीने सरकते. ब्रेकचे दिवे जागच्या जागी साठतात आणि रेघांऐवजी लाल डाग येतात.

फोनच्या कॅमेऱ्यात ‘Pro’ मोड उघडला. ISO सर्वांत कमी, म्हणजे 50 ठेवला. फोकस दूरच्या फलकावर धरून कुलूपबंद केला. मग शटर एक सेकंद ठेवून पाहिले. रस्ता नेमका उजळला, पण रेषा आखूड आल्या. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, तेव्हा रेघ तेवढीच. मला पुलापासून दूरच्या वळणापर्यंत, साधारण 90 मीटर रेघ हवी होती. त्याला आठ सेकंद लागतात. आठ सेकंद ठेवले तर रस्ता आठपट उजळून फोटो वाया जातो.

उपाय भिंगासमोर धरायच्या राखाडी काचेत आहे. तिला एनडी फिल्टर म्हणतात आणि फोनला चिमट्याने लावायची अशी काच मिळते. ND8 लिहिलेली काच एक अष्टमांश उजेड आत सोडते. आठ सेकंद गुणिले एक अष्टमांश म्हणजे पुन्हा एक सेकंदच. रस्ता पहिल्याइतकाच उजळला आणि रेघ वळणापर्यंत पोचली. शिवाय एक लाभ असा झाला, ज्याची मी कल्पना केली नव्हती. रेघेचा उजेड वेळेने वाढत नाही, पण काचेने कमी होतो. तो एक अष्टमांश झाला आणि तोवर मधोमध पांढरी पडलेली मागच्या दिव्यांची रेघ खरी लाल दिसू लागली. लाल दिव्याची रेघ मध्यभागी पांढरी दिसली तर भिंगात उजेड जास्त जातो आहे असे समजावे. शटरचा वेळ कमी करून ते सुटत नाही.

काच नसेल तर गडद गॉगलची एक काच भिंगाला अगदी चिकटवून धरावी. नेहमीचा उन्हाचा गॉगल साधारण दहा ते अठरा टक्के उजेड सोडतो, म्हणजे ND8च्या आसपासच. रंग थोडा बदलतो आणि कडेला झाकोळ येऊ शकते, पण हिशेब जमतो.

दुसरी वाट म्हणजे अनेक छोटे फोटो एकावर एक रचणे. एकेक सेकंदाचे आठ फोटो लागोपाठ घ्यायचे आणि प्रत्येक बिंदूसाठी आठांतला सर्वांत उजळ ठिपका निवडायचा. रस्ता आठही फोटोंत सारखाच असतो, म्हणून तो वाढत नाही. रेषा मात्र सगळ्या जमा होतात. काही अँड्रॉइड फोनमध्ये यासाठी वेगळा मोडच असतो आणि तो हे काम आतल्या आत करतो. तो असेल तर आधी तोच वापरावा असे माझे मत आहे. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटरचा वेळ हाताने ठरवता येत नाही. तिथे ‘Live’ फोटो काढून नंतर त्याच्या मेन्यूतून ‘Long Exposure’ निवडता येते. पण तो फोटो जेमतेम तीन सेकंदांचा असतो, त्यामुळे पुलाखालून भरधाव जाणाऱ्या गाड्यांपुरताच तो उपयोगी.

नाइट मोडच्या मात्र नादी लागू नये. नावामुळे फसगत होते. तोही अनेक फोटो एकत्र करतो, पण हललेली वस्तू म्हणजे दोष असे धरून ती काढून टाकायला पाहतो. आपल्याला नेमके तेच हलणारे दिवे हवे असतात.

आता आधार. पादचारी पूल दिसतो स्थिर, पण लोखंडी पुलावरून चार माणसे झपाझप गेली तरी तो थरथरतो. ही थरथर दोन खांबांच्या मध्ये सर्वांत जास्त आणि खांबाच्या माथ्यावर सर्वांत कमी असते. म्हणून दृश्य मधून कितीही छान दिसले तरी तिवई खांबाच्या वर लावावी. तिचे सर्वांत खालचे, बारीक पाय बाहेर काढू नयेत. कठड्याला टेकू नये, कारण आपला श्वासही तिथून फोनपर्यंत पोचतो. तिवई नसेल तर अर्धा किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी घ्यावी. ती सपाट जागी दाबून ठेवली की फोन तिच्यात रुतून घट्ट बसतो आणि कोनही हवा तसा देता येतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. शटर उघडे असताना आलेला फोन नुसत्या थरथरीने फोटो घालवतो.

टायमरचे काम एवढेच की बोट उचलल्यानंतरचा हादरा विरून जावा. त्याला दोन ते पाच सेकंद पुरतात. दहा सेकंदांचा टायमर लावला तर ज्या बससाठी बटण दाबले ती निघून गेलेली असते. मी दूरच्या वळणावर लांबून बस हेरतो आणि ती माझ्या चौकटीत शिरण्याच्या तीन सेकंद आधी बटण दाबतो. बसचे दिवे उंच असतात, त्यामुळे तिची रेघ बाकीच्या रेषांच्या वरून जाते आणि सपाट फोटोला उंची येते. पुलाऐवजी सिग्नलजवळ उभे असाल तर हिरव्याची वेळ एकदा मोजून घ्यावी.

फोटो काढला की तो मोठा करून आधी रस्त्यावरच्या खांबाचा दिवा पाहावा. तो एक ठिपका असेल तर फोन हलला नाही. सगळ्या स्थिर दिव्यांना एकाच बाजूला बारीक आकडा फुटला असेल तर बोटाचा धक्का लागला आहे. सगळे दिवे नागमोडी असतील तर पूल थरथरतो आहे. खांबाचा दिवा नेटका, पण एखादीच रेघ वरखाली झाली असेल तर तो रस्त्यावरचा खड्डा आहे, त्यात आपला काही दोष नाही. दिव्यांभोवती लांबट तेलकट किरण दिसले तर भिंगावर बोटाचा ठसा आहे, तो सुती कापडाने पुसावा.

मग रेषा वाचायला मजा येते. एकट्या पांढऱ्या रेघा बहुतेक दुचाकींच्या असतात. समान अंतराने तुटलेली पिवळी रेघ म्हणजे वळणाचा दिवा लावून मार्गिका बदलणारी गाडी. मागच्या दिव्याची रेघ बारीक ठिपक्यांची आली तर तो एलईडी आहे. असे कित्येक एलईडी सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात, डोळ्यांना ती कळत नाही, पण दिवा पुढे सरकत असल्यामुळे फोटोत ती अंतराअंतराने उमटते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे पुलावर ठाण्याकडे तोंड करून उभे राहिले की डावीकडे पाठमोऱ्या गाड्यांच्या लाल रेषा आणि उजवीकडे समोरून येणाऱ्यांच्या पांढऱ्या. पांढरे दिवे सरळ भिंगात आले तर धुरकट चट्टे पडतात, म्हणून मी चौकटीचा मोठा भाग लाल बाजूला देतो.

एक विनंती आहे. पुलावर जाळी असो वा नसो, फोन आणि तिवई दोन्हींना मजबूत दोरी बांधून ती कठड्याला अडकवल्याशिवाय फोन कठड्यापाशी नेऊ नका. खाली ताशी 60 किलोमीटरने जाणाऱ्या दुचाकीस्वारासाठी दोनशे ग्रॅमचा फोन हा दगडच असतो.