अण्णा, रेशनकार्ड आणा: घरच्या ग्रुपवरचा निरोप



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातली एक ताई तातडीचं कर्ज मागायला आली. तिची सासू मुंबईला शीवमध्ये धाकट्या मुलाकडे असते. ती घसरून पडली आणि तिला शीवच्या महापालिका रुग्णालयात, म्हणजे लोक ज्याला सायन हॉस्पिटल म्हणतात तिथे, दाखल केलं होतं. ताई म्हणाली, "जाऊबाईंनी ग्रुपवर सगळं लिहिलं होतं, तरी वेळेवर काहीच झालं नाही." आम्ही तिचा मोबाइल घेऊन तो निरोप वाचला. तिच्या परवानगीने, नावं वगळून, तो इथे सांगतो.

"सगळ्यांना नमस्कार. काल संध्याकाळी आई बाथरूममध्ये घसरल्या, मी दळण आणायला गेले होते, शेजारच्या काकूंनी आवाज ऐकला म्हणून बरं. आधी वाटलं मुका मार आहे, हळद लावली, पण रात्रभर कण्हत होत्या. सकाळी टॅक्सी केली, टॅक्सीवाला भला होता, त्याने धरून आत नेलं. आता सायनला आहोत. डॉक्टर म्हणाले खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल. ह्यांना सुट्टी मिळत नाहीये. योजनेत बसेल म्हणतात पण मूळ रेशनकार्ड पाहिजे, ते गावी कपाटात आहे, कुणी येणार असेल तर घेऊन या. आई जेवत नाहीत, थोडी पेज घेतली. आत्यांना कुणी सांगितलं का? एकदम सांगू नका, बीपी आहे. कुणी रक्त देणारं असेल तर कळवा. बाकी देवाची कृपा. फोन करा."

या निरोपावर काय झालं ते ऐका. बावीस जणांनी हात जोडले. दिवसभर जाऊबाईंचा फोन वाजत राहिला, कारण शेवटचं वाक्य होतं "फोन करा". संध्याकाळी तिघं जण डबे घेऊन पोचले. रेशनकार्ड कुणीच आणलं नाही. गावच्या अण्णांना वाटलं तात्या नेतील, तात्यांना वाटलं अण्णा कालच निघाले असतील. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या अर्जाला रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र लागतं. आधारकार्ड सोबत होतं, पण रेशनकार्ड गावच्या कपाटात. ते तिसऱ्या दिवशी पोचलं, आणि तोवर धावपळीचा खर्च भागवायला ताई आमच्याकडे आली.

जाऊबाईंचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. रात्रभर जागलेली बाई जसं घडलं तसं सांगते. तिने आधी तसंच लिहावंही, पण ते बहिणीला पाठवावं. मग पाणी प्यावं आणि त्या लांब निरोपात एकच गोष्ट शोधावी: आज कुणी काही केलं नाही तर कशामुळे काम अडेल? इथे मागण्या चार आहेत. कार्ड आणा, आत्यांना जपून सांगा, रक्त देणारा शोधा, फोन करा. रक्त अजून डॉक्टरांनी मागितलेलंच नव्हतं, ते जाऊबाईंनी काळजीपोटी लिहिलं होतं. आत्यांचं काम एका माणसाला फोन करून होतं. काम अडणार होतं ते फक्त कार्डामुळे.

पुढच्या बैठकीत आम्ही बायकांना तोच निरोप छोटा करायला सांगितला. पहिल्या फेरीत एकीने लिहिलं, "आई सायन हॉस्पिटलमध्ये, रेशनकार्ड घेऊन ताबडतोब या." वाचताक्षणी मागून एक मावशी म्हणाल्या, "हे वाचून तर मला वाटलं म्हातारी गेलीच." त्यांचं खरं होतं. गिरण्यांच्या काळात परळ-लालबागहून गावी तार यायची. तारेला शब्दांप्रमाणे पैसे पडायचे, त्यामुळे "आई आजारी, ताबडतोब निघा" एवढंच लिहीत. आणि बऱ्याच घरी तार वाचण्याआधीच रडारड सुरू व्हायची. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ती धास्ती मोठ्या माणसांच्या मनातून गेलेली नाही. म्हणून माणूस कसा आहे याचं एक वाक्य ठेवायचंच. तेही आपण डोळ्यांनी पाहिलेलं. "धोका नाही" हे आपण कोण सांगणार? "शुद्धीवर आहेत, बोलतात" हे सांगता येतं.

दुसऱ्या फेरीत ठिकाणावर वाद झाला. शीव आणि सायन एकच, पण गावाकडच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. आपल्याकडे शीव म्हणजे गावाची हद्द, आणि मुंबईच्या जुन्या बेटाची हद्द तिथे होती म्हणून तिचंही नाव शीव. अण्णा रात्रीच्या गाडीने दादरला उतरणार. तिथून धीमी लोकल घ्यायची, माटुंग्यानंतरचं स्टेशन शीव. जलद लोकल तिथे थांबत नाही, ती थेट कुर्ल्याला नेते. म्हणून दोन्ही नावं आणि "धीमी" हा शब्द लिहिला. कपाटाचंही तसंच. "कपाटात आहे" म्हटलं तर अर्धा तास उचकापाचक होते, म्हणून ताईने कप्पा आणि पिशवी आठवून सांगितली. म्हणजे छोटं करताना दोन ठिकाणी शब्द वाढले. वाढू द्यावेत. दळण, हळद, टॅक्सीवाला, पेज हे सगळं निघाल्यावर तेवढी जागा होतेच.

शेवटी झालेला निरोप असा:

"मंगळवार, दुपारी २. आई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शुद्धीवर आहेत, बोलतात. ऑपरेशन करावं लागेल. योजनेच्या अर्जाला मूळ रेशनकार्ड लागतं, ते गावी लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, निळ्या पिशवीत आहे. दादरहून धीमी लोकल, स्टेशन शीव म्हणजेच सायन. अण्णा, तुम्ही ते कार्ड घेऊन आज रात्रीच्या गाडीने निघा."

यातल्या प्रत्येक गोष्टीची जागा ठरवून घेतलेली आहे. मोबाइल उघडण्याआधी पडद्यावर फक्त सुरुवात दिसते, म्हणून वार, वेळ आणि काय झालं ते आधी. वेळ नसलेला निरोप चार दिवसांनी कुणीतरी पुढे ढकलतं आणि पुन्हा धावाधाव होते. रक्ताच्या निरोपांचं असं फार होतं, रुग्ण घरी गेला तरी निरोप फिरत राहतो. निरोप फार लांब झाला तर व्हॉट्सॲप तो अर्धाच दाखवतं आणि खाली पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. 

काम शेवटी का? वाचून झालं की बोट लगेच उत्तराकडे जातं, आणि माणूस शेवटच्या वाक्याला उत्तर देतो. "देवाची कृपा" असेल तर हात जोडतो. "अण्णा, निघा" असेल तर अण्णांना हो किंवा नाही म्हणावं लागतं. "कुणीतरी" हा शब्द आम्ही खोडायलाच लावतो. वडीलधाऱ्यांना असं नाव घेऊन सांगणं काही सुनांना अवघड वाटतं. तिथे "अण्णा, तुम्हाला जमेल का, नाहीतर मी तात्यांना सांगते" असं लिहिलं तरी चालतं, कारण नाव राहतं. अर्ध्या तासात उत्तर आलं नाही, तर मात्र ग्रुपवर पुन्हा लिहीत बसू नये, अण्णांना थेट फोन लावावा. अण्णांकडे रेंज नसेल तर शेजारच्या घरी.

कार्ड पोचल्यावर जाऊबाईंनी ग्रुपवर काहीच लिहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी तात्या रेशनकार्डाच्या झेरॉक्स प्रती काढून शीवला हजर झाले. "कार्ड मिळालं, आता कुणी आणू नका" एवढे शब्द राहिले होते.