आधी बिल, मग गच्ची

घराच्या छतावर सोलर बसवून देणाऱ्याला आज फोन नंबरांची टंचाई नाही. फेसबुकवर जाहिरात टाकली की संध्याकाळपर्यंत यादी तयार होते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. सांगलीहून तासगावला माणूस पाठवायचा म्हणजे पेट्रोल आलं आणि अर्धा दिवस गेला. तिथे पोचल्यावर कळतं, की घर भाड्याचं आहे किंवा गच्ची सोसायटीची आहे. कधी समोरचा म्हणतो, "योजना फुकट आहे ना?" दोन लाखांच्या घरातली वस्तू विकताना अशा चार फेऱ्या वाया गेल्या, तर पाचव्या घरी मिळालेल्या ऑर्डरचा नफा त्यातच जातो. म्हणून चौकशी आणि साइट व्हिजिट यांच्यामध्ये एक चाळणी लागते, आणि ती प्रत्येक घरात आधीच असते. ती म्हणजे विजेचं बिल.

बिलाआधी जाहिरातीचं पाहू. फेब्रुवारी 2024 मध्ये 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' सुरू झाली आणि तिच्या नावातला 'मुफ्त' हा शब्द उचलून अनेकांनी जाहिराती केल्या. त्यावर लोक भरपूर येतात, पण गैरसमज घेऊन येतात. प्रत्यक्षात या योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 रुपये अनुदान आहे. म्हणजे तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला जास्तीत जास्त 78,000. हे पैसे यंत्रणा सुरू झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येतात, त्यामुळे आधी पूर्ण रकमेची सोय त्यालाच करावी लागते, रोखीने किंवा कर्जाने. जाहिरातीत हे सरळ लिहिलं की चौकश्या कमी होतात, पण ज्या उरतात त्या खिशाचा विचार करून आलेल्यांच्या असतात.

फेसबुकचा फॉर्म नाव आणि नंबर आपोआप भरून देतो. स्क्रोल करता करता दोनदा बोट लागलं की लीड तयार, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फॉर्म भरल्याचं आठवतही नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला, फॉर्मचा 'हायर इंटेंट' हा प्रकार निवडायचा. त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासून नक्की करावी लागते. दुसरा, स्वतः उत्तर द्यावं लागेल असे तीन प्रश्न घालायचे : घर स्वतःचं आहे का, गच्ची एकट्याची आहे की सामाईक, आणि महिन्याचं बिल साधारण किती येतं. याहून जास्त प्रश्न विचारले, तर गरजू माणूसही कंटाळून निघून जातो.

फॉर्म आल्यावर पहिला निरोप काही मिनिटांत गेला पाहिजे, कारण त्याच संध्याकाळी तो माणूस आणखी दोन-तीन ठिकाणी चौकशी करतो. अनोळखी नंबर हल्ली कुणी उचलत नाही, म्हणून आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आपलं नाव, दुकान आणि त्याने कोणता फॉर्म भरला हे कळवायचं, मग फोन करायचा. "महावितरणकडून बोलतोय" अशी थाप मारणारेही या धंद्यात आहेत. तिने भेट मिळते, पण खोटं उघडं पडल्यावर ऑर्डर मिळत नाही.

त्या पहिल्या फोनवर मागायची गोष्ट एकच, बिलाचा फोटो. महावितरणच्या बिलावर ग्राहक क्रमांक, मंजूर भार आणि मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. एक उदाहरण घेऊ. समजा, मिरजेतल्या एका शिक्षकांनी बिल पाठवलं आणि बारा महिन्यांच्या वापराची बेरीज 4,200 युनिट भरली. म्हणजे महिन्याला सरासरी 350. आपल्याकडे एक किलोवॉटमधून दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे महिन्याला 120 युनिट वीज मिळते. 350 ला 120 ने भागलं की तीन किलोवॉटच्या जवळ जातं. त्यासाठी सावली नसलेली अंदाजे 300 चौरस फूट जागा लागेल. किंमत दोन लाख धरली, तर अनुदान वजा जाता 1,22,000 त्यांच्या खिशातून जातील. हा हिशेब फोनवरच सांगून टाकायचा. "एवढं बजेट नाही" हे उत्तर यायचं असेल, तर ते पेट्रोल जाळण्याआधी आलेलं बरं. आणि ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आतच आहे, त्यांचा वीजदरच कमी असल्याने पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात, हेही तिथेच सांगावं.

बिल आणखी एक गोष्ट दाखवतं, ती म्हणजे नाव. कितीतरी घरांत वीजजोडणी अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असते. अर्ज ग्राहकाच्या नावाने होत असल्यामुळे आधी नाव बदलून घ्यावं लागतं. हे भेटीआधी कळलं, तर ती कागदपत्रं सुरू करून देता येतात. सही झाल्यावर कळलं, तर काम अडकून पडतं.

बिलासोबत गच्चीचे दोन-तीन फोटो मागवले की टाकी, जिन्याची खोली आणि शेजारची इमारत दिसते. दक्षिणेकडे उंच काही असेल, तर डिसेंबरात त्याची लांब सावली पॅनेलवर पडणार, हे जागेवर न जाताही समजतं.

एवढं जुळलं की भेटीची वेळ ठरवायची. "कधी येऊ?" असं विचारलं की "सांगतो" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा "शनिवारी अकराला येऊ की रविवारी बाराला?" असं विचारावं. उन्हं वर असतानाची वेळ घेतली, तर सावलीचीही पाहणी होते. "घरात आणखी कुणाशी बोलून ठरवाल?" हा प्रश्न इथे विसरू नये. नवरा-बायको आणि पैसे घालणारा मुलगा हे सगळे एकत्र असतील, तीच खरी वेळ. आदल्या संध्याकाळी येणाऱ्या माणसाचं नाव आणि फोटो पाठवावा आणि गच्चीची किल्ली आणून ठेवायची आठवण करावी. ती पुष्कळदा दुसऱ्याच कुणाकडे असते. काही जण भेटीसाठी थोडी रक्कम घेतात आणि ऑर्डर दिली की ती वळती करतात. लांबच्या गावांसाठी हे ठीक आहे. शहरात मात्र त्यामुळे ग्राहक फुकट येणाऱ्याकडे वळतो.

महिन्याअखेरीस एका लीडला किती पैसे पडले, हा आकडा फसवा असतो. समजा, 12,000 रुपयांच्या जाहिरातीवर 60 चौकश्या आल्या, वीस जणांनी बिल पाठवलं, दहा भेटी झाल्या आणि तीन ऑर्डरी मिळाल्या. लीड दोनशेला पडली, पण एका ऑर्डरचा जाहिरातखर्च चार हजार झाला आणि तीन-साडेतीन फेऱ्यांचा खर्च वेगळा. सुधारणा कुठे करायची ते उरलेल्या सात भेटी सांगतात. "घरी विचारून सांगतो" हे उत्तर वारंवार येत असेल, तर वेळ ठरवताना निर्णय कोण घेतं ते विचारलं गेलं नाही. "महाग आहे" असं येत असेल, तर फोनवर अंदाज दिला नव्हता. आणि सावलीपायी परत यावं लागत असेल, तर गच्चीचे फोटो मागवायचे राहिले. प्रत्येक नकारासमोर वहीत कारण लिहून ठेवलं, तर पुढच्या महिन्यात पहिल्या फोनवर कोणता प्रश्न वाढवायचा ते तिथेच सापडतं.