पडद्यामागून आभार मानताना

निरोप समारंभात पडद्यावर फोटो सरकत असतात आणि मागून एका विद्यार्थ्याचा आवाज ऐकू येतो. हे मनोगत व्यासपीठावरच्या भाषणासारखं लिहिलं की फसतं, कारण समोरच्यांचं अर्धं लक्ष फोटोत स्वतःला शोधण्यात असतं.

दीड मिनिटाच्या चित्रफितीला साधारण 120 शब्द पुरतात. एखाद्या फोटोवर हशा पिकतो, तेव्हा बोलणं थांबलेलं हवं. म्हणून मध्ये दोन-तीन सेकंदांच्या मोकळ्या जागा सोडाव्यात.

सहलीचा फोटो दिसत असताना ‘आम्ही सहलीला गेलो’ असं सांगण्यात अर्थ नाही. फोटोत नसलेलं सांगावं. प्रयोगशाळेच्या फोटोवर असं म्हणता येईल: ‘मामा, आमची जर्नलं अपुरी होती, म्हणून तुम्ही सहानंतरही कुलूप लावलं नाहीत. त्या दिवसांत तुमची नेहमीची बस चुकत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.’ अशी तीनच माणसं निवडावीत. नावांची यादी वाचायला घेतली की कुणीतरी राहतंच आणि दुखावतं. बाकीची नावं शेवटी पडद्यावर द्यावीत.

आवाज आधी रेकॉर्ड करावा, पंखा बंद करून, मोबाइल तोंडापासून वीतभर दूर धरून. मग त्या आवाजाच्या लयीत फोटो बसवावेत. आदल्या दिवशी सभागृहात फीत लावून शेवटच्या रांगेत बसावं. तिथे शब्द नीट कळत नसतील, तर आधी पार्श्वसंगीत कमी करावं.