बिल्डरची पुस्तिका वाचताना

पुनर्विकासासाठी सोसायटीने प्रस्ताव मागवले की बिल्डरांच्या गुळगुळीत पुस्तिका येऊ लागतात. 'पंधरा लाख चौरस फूट बांधकाम, सर्व मंजुऱ्या प्राप्त, दहा लाख मनुष्यतास अपघातविरहित.' सिव्हिल इंजिनिअर म्हणून मला ही तिन्ही वाक्यं अपुरी वाटतात.

पंधरा लाख फुटांत पार्किंग, जिने, लॉबी असं सगळं मोजलेलं असू शकतं. त्यापेक्षा सर्वांत उंच इमारत किती मजल्यांची होती आणि तळघर खोदलं होतं का, हे विचारावं. चार मजल्यांच्या कितीही इमारती बांधल्या, तरी शेजारच्या भिंतीला धक्का न लावता दोन तळघरं खोदण्याचा अनुभव त्यातून मिळत नाही.

'मंजुरी' हा एकच कागद नसतो. बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र मुंबईत बहुतेकदा आधी जोत्यापर्यंत आणि मग पुढच्या मजल्यांसाठी, असं टप्प्याटप्प्याने मिळतं. म्हणून 'सीसी आली' असं कोणी म्हटलं की 'कितव्या मजल्यापर्यंत?' असं विचारायचं. इमारत राहण्यायोग्य ठरते ती शेवटी भोगवटा प्रमाणपत्राने. बिल्डरच्या जुन्या प्रकल्पांना ते कधी मिळालं, हे पाहावं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण करण्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही दिसतात. त्यांतलं अंतर बरंच काही सांगतं.

आता मनुष्यतास. साइटवर शंभर मजूर रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस राबले तर महिन्याचे वीस हजार तास होतात. या हिशेबाने दहा लाख गाठायला पन्नास महिने लागतील. हजार मजूर असतील तर पाचच महिने पुरतात. पावसाळा, खोदकाम, उंचावरचं शटरिंग यांतलं काहीच त्या पाच महिन्यांत आलं नसेल, तर त्या आकड्याचं फारसं कौतुक नको. शिवाय ठेकेदाराची माणसं त्यात धरली आहेत का, हेही विचारावं. पडतात बहुतेकदा तीच.

मी थोडक्यात हुकलेल्या अपघातांची नोंदवही मागतो. वरून पाना पडला पण कुणाला लागला नाही, परातीचा दोर तुटला, अशा नोंदी तिच्यात असायला हव्यात. वही कोरी असेल तर काही घडलंच नाही असं मी मानत नाही. कोणी लिहीत नाही, असं मानतो.

एखादी चालू साइटही पाहावी. लिफ्टच्या पोकळीला प्रत्येक मजल्यावर कठडा आहे का? कमरेचा पट्टा कशाला तरी अडकवलेला आहे, की नुसता बांधलाय? आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या कुठे आहेत? जून 2019 मध्ये पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत पावसात शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या खोल्यांवर कोसळली. 15 जण गेले. खोल्या भिंतीला टेकून दिसल्या, तर पुस्तिकेतला सुरक्षेचा आकडा मी पुढे वाचत नाही.