सिस्टरच्या हातातलं इंजेक्शन

ऑक्टोबर 2023च्या सुरुवातीला नांदेडच्या विष्णुपुरी इथल्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बाळं होती. पुढे एका नातेवाइकाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. नांदेड-लातुरात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या मनात तेव्हापासून एकच धास्ती आहे: आपल्या ड्यूटीवर असं घडलं तर?

पाठ्यपुस्तकात दोन शब्द येतात. फरशी ओली राहिली आणि रुग्ण घसरून पडला, तर तो साधा निष्काळजीपणा. तिथे कोणाचीही चूक ठरली असती. मालप्रॅक्टिस मात्र प्रशिक्षित माणसाची चूक. तिथे कसोटी एवढीच, की त्याच जागी दुसऱ्या जाणत्या सिस्टरनं काय केलं असतं? आपली न्यायालयं हा भेद फारसा करत नाहीत, दोन्हींना निष्काळजीपणाच म्हणतात. कसोटी तीच.

स्प्रिंग मेडोज रुग्णालयाचा खटला दिल्लीचा असला, तरी प्रत्येक नर्सनं वाचावा असा आहे. टायफॉइडच्या एका लहान मुलाला क्लोरोमायसेटिन द्यायचं होतं. सिस्टरनं वडिलांकडून लॅरिॲगो, म्हणजे मलेरियावरचं क्लोरोक्विन, मागवलं आणि शिरेतून दिलं. मुलाचं हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन डॉक्टरनं द्यायचं, असं ठरलं असताना निवासी डॉक्टरनं ते सिस्टरवर सोपवलं होतं. तिची तर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीच नव्हती. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रुग्णालयाला जबाबदार धरलं. मुलाला साडेबारा लाख आणि आई-वडिलांना पाच लाखांची भरपाई कायम झाली.

औषधाचं नाव केसपेपरशी न ताडणं ही मालप्रॅक्टिस. जे काम आपलं नाही ते हातात घेणं ही कार्यकक्षेची चूक. ‘सरांनी सांगितलं म्हणून दिलं’ एवढ्यानं सुटका होत नाही. म्हणून तोंडी ऑर्डर परत वाचून दाखवावी, वेळ लिहावी आणि शंका असेल तर इंजेक्शन न देता इन्चार्ज सिस्टरला बोलवावं.

जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये एक गोष्ट मला खटकते. उपचार करताना निष्काळजीपणानं मृत्यू झाला, तर नोंदणीकृत डॉक्टरला कमाल दोन वर्षं कैद, इतरांना पाच. ‘डॉक्टर’च्या व्याख्येत नर्स बसत नाही. जुन्या 304-अ मध्ये सगळ्यांना दोनच वर्षं होती.

घटना घडली की वॉर्डात मोबाइल निघतात. केसपेपरचा फोटो ग्रुपवर टाकणं हा गोपनीयतेचा भंग. एचआयव्हीबाबत तर 2017च्या कायद्यानं रुग्णाची लेखी संमती मागितली आहे. पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला उपचारापुरतं सांगता येतं. खाटेला ‘पॉझिटिव्ह’ अशी चिठ्ठी लावता येत नाही.