संगीन: बंदुकीला जोडलेला भाला

सतराव्या शतकातली ठासणीची बंदूक एकदा झाडली की पुन्हा भरायला निदान वीस-तीस सेकंद लागत. तेवढ्यात घोडेस्वार अंगावर येई. म्हणून बंदूकवाल्यांच्या सोबतीला लांब भालेवाले ठेवावे लागत. बंदुकीलाच पाते जोडले तर भालेवाल्यांची गरजच उरणार नव्हती.

पहिल्या संगिनीची मूठ थेट नळीच्या तोंडात खुपसत. म्हणजे बुचासारखीच, ती बसली की गोळी झाडणे बंद. २७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडमधल्या किलिक्रँकी इथे हे महागात पडले. जनरल मॅके यांच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या, पण संगिनी खुपसायच्या आतच डोंगरी हायलँडर तलवारी घेऊन उतारावरून त्यांच्यावर कोसळले. फळी मोडली.

पुढे संगिनीला नळीवर बाहेरून चढणारी पोकळ खोबण आली. पाते बाजूला वळवलेले असल्याने गोळीची वाट मोकळी राही आणि बार भरताना हातही सहसा कापत नसे. सैनिक चौकोन करून संगिनी रोखत, तेव्हा घोडे त्या काट्यांच्या कुंपणावर जाईनात. हल्ल्यात मात्र प्रत्यक्ष भोसकाभोसकी चित्रांत दिसते तेवढी होत नसे. चमकती पाती जवळ येताना पाहून बहुधा एक बाजू आधीच पळे.

मागून भरायच्या, दूरवर अचूक मारा करणाऱ्या रायफली आणि मग मशीनगन आल्यावर शत्रूपर्यंत पोहोचणेच अवघड झाले. खंदकात तर लांब रायफल फिरवायलाही जागा नसे. तिथे सैनिक कुदळ-फावडी बरी मानत. आता संगीन उरली आहे ती मुख्यतः संचलनात आणि सुरी म्हणून.